दोन गुंठ्यांचा प्लॉट: घेताना सोपा, विकताना कुठे अडतो?



दुकान चार-पाच वर्षं नीट चाललं, हातात दहा-बारा लाख जमले की छोट्या व्यावसायिकाच्या डोक्यात हमखास एक विचार येतो. "कुठंतरी दोन गुंठे घेऊन टाकू. जमीन कधी खाली येत नाही." नेमक्या त्याच वेळी ओळखीतला एखादा एजंट भेटतो, रविवारी गाडीतून साइट दाखवायला नेतो आणि संध्याकाळी इसार देऊन आपण घरी येतो.

व्हिडिओमध्ये या विषयाला वेळ कमी पडला, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. सगळ्या प्रकारच्या जमिनींबद्दल नाही बोलणार. तालुक्याच्या गावाबाहेर, ग्रामपंचायत हद्दीत, गुंतवणूक म्हणून घेतला जाणारा एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट, एवढाच विषय. आणि सगळीकडे एकच प्रश्न धरून चालू: उद्या मला हा विकायचा झाला, तर समोरच्याचा वकील काय विचारेल? जे तो विचारणार आहे, ते आज आपण विचारायचं.

## "प्लॉट" म्हणजे नक्की काय विकतायत?

एजंटच्या तोंडी सगळं "प्लॉट"च असतं. कागदावर मात्र तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिला प्रकार, मंजूर ले-आऊटमधला एनए प्लॉट. जमीन बिनशेती झालेली असते, रेखांकन मंजूर असतं, आणि भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक होऊन प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा निघालेला असतो. तुमच्या सातबाऱ्यावर फक्त तुमचं नाव आणि तुमचं क्षेत्र. तिघांत सर्वात महाग हाच, पण विकायला सर्वात सोपाही हाच.

दुसरा प्रकार, गुंठेवारी. शेतजमिनीचे मंजुरीशिवाय पाडलेले तुकडे. हे नियमित करण्यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे, आणि 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे तुकडे त्यात घेतले गेले. पण "गुंठेवारीत बसतं" आणि "गुंठेवारीचं प्रमाणपत्र हातात आहे" या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रमाणपत्र नसेल तर तो अजून शेतीचा तुकडाच समजा.

तिसरा प्रकार, सामाईक सातबारा. सर्वात जास्त लोक अडकतात ते इथं. तुकडेबंदी कायद्यानुसार ठराविक प्रमाणापेक्षा कमी शेतजमीन सुटी विकता येत नाही. 2023 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे प्रमाण जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे केलं गेलं. मग दोन गुंठे विकायचे कसे? सात-आठ अनोळखी खरेदीदार एकत्र करायचे, सगळ्यांच्या नावे मिळून एकच खरेदीखत करायचं आणि जागेवर चुन्याच्या रेषा मारून "हा तुझा, तो माझा" असं वाटून टाकायचं. कागदावर तुमचे दोन गुंठे नेमके कुठं आहेत हे लिहिलेलंच नसतं. तुम्ही एका मोठ्या तुकड्यातले हिस्सेदार असता, बस.

2025 मध्ये सरकारने नागरी भागातल्या आणि आराखड्यात निवासी-वाणिज्य दाखवलेल्या क्षेत्रातले जुने तुकडे नियमित करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून "आता तुकडेबंदी गेली, बिनधास्त घ्या" असं सर्रास सांगतात. तसं नाही. हा निर्णय ठराविक क्षेत्रांना आणि ठराविक तारखेपर्यंतच्या व्यवहारांना आहे. शिवाय तुकडा नियमित होणं म्हणजे बांधकाम परवानगी मिळणं नव्हे. तुमच्या गट नंबरचा झोन दाखला काढल्याशिवाय या वाक्यावर एक रुपया देऊ नका.

आणखी एक. जमीन शेतीचीच असेल तर महाराष्ट्रात ती घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं, नाहीतर परवानगी लागते. म्हणजे उद्या विकतानाही तुमचा गिऱ्हाईक शेतकरीच हवा. बाजार तिथंच अर्धा झाला.

## 11 लाखांचा प्लॉट प्रत्यक्षात कितीला पडतो?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या भागातले घालून बघा.

दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट, भाव साडेपाच लाख रुपये गुंठा. म्हणजे 11 लाख. आता यावर काय काय चढतं:

- मुद्रांक शुल्क, 6 टक्के धरून: 66,000
- नोंदणी फी, 1 टक्का: 11,000
- वकिलाचा सर्च आणि टायटल रिपोर्ट: 12,000
- खरेदीखत तयार करणं, टायपिंग, इतर: 8,000
- एजंटचं कमिशन, 2 टक्के: 22,000
- सरकारी मोजणी आणि हद्दीचे दगड: 6,000
- सिमेंटचे पोल आणि तारेचं कुंपण, सुमारे 172 फूट: 26,000

वरचा खर्च झाला 1,51,000. म्हणजे प्लॉट पडला 12,51,000 ला. एजंटने सांगितलेल्या किमतीपेक्षा जवळपास 14 टक्के जास्त.

मुद्रांक शुल्काचा दर महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत असा भागानुसार बदलतो. आणि तो तुम्ही दिलेल्या किमतीवर किंवा सरकारी रेडी रेकनरच्या किमतीवर, यातली जी जास्त असेल तिच्यावर लागतो. समजा घासाघीस करून तुम्ही 9 लाखांत सौदा केला, पण रेकनरने किंमत 11 लाख येते. शुल्क 11 लाखांवरच भरायचं. म्हणून भाव ठरवण्याआधी त्या गावाचा रेकनर बघून घ्या.

दुसरा छुपा खर्च तर यादीत दिसतही नाही. दोन गुंठे म्हणजे 2,178 चौरस फूट. पण बऱ्याच ठिकाणी प्लॉट "रस्त्यासह" विकतात, म्हणजे आतल्या रस्त्याचा तुमच्या वाट्याचा भागही त्यातच मोजलेला असतो. कुंपण घालायला गेलात की हातात 36 बाय 50, म्हणजे 1,800 फूट येतात. आपल्या उदाहरणात 11 लाख भागिले 2,178 केलं तर भाव 505 रुपये फूट वाटतो. 12,51,000 भागिले 1,800 केलं तर तो 695 रुपये फूट होतो. शेजारच्या प्लॉटशी तुलना करायची तर दुसऱ्या आकड्याने करा. "निव्वळ किती फूट माझ्या कुंपणात येणार?" हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा.

आता पाच वर्षं पुढं जाऊ. दरवर्षी झाडी काढणं, कर, जाऊन-येऊन बघणं, असे 4,000 धरले तर 20,000 झाले. हेच साडेबारा लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत ठेवले असते तर पाच वर्षांनी साधारण 17 लाख 14 हजार झाले असते. (एफडीच्या व्याजावरचा कर इथं धरलेला नाही. तुम्हाला तो लागत असेल तर हा आकडा थोडा खाली येईल.)

प्लॉट विकताना पुन्हा 2 टक्के कमिशन. आणि दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवून विकला तर नफ्यावर 12.5 टक्के भांडवली नफा कर, त्यावर उपकर, म्हणजे 13 टक्के. 2024 च्या बदलानंतर घेतलेल्या जमिनीला महागाईची वजावट, म्हणजे इंडेक्सेशन, मिळत नाही. हे सगळं वजा जाऊन एफडीइतकेच पैसे हातात यायचे असतील तर प्लॉट साधारण 18 लाख 43 हजारांना विकला गेला पाहिजे. साडेपाच लाखांचा गुंठा पाच वर्षांत सव्वानऊ लाखांचा व्हायला हवा, आणि तरी तुम्ही फक्त एफडीच्या बरोबरीला आलात!

होतो का भाव तेवढा? काही ठिकाणी होतो. रस्ता मोठा झाला, एमआयडीसी आली, गाव शहराला टेकलं, तर याहून जास्तही होतो. पण "दुप्पट झाला" असं कुणी सांगितलं तर किती वर्षांत, कशावर दुप्पट आणि सगळा खर्च धरून का, एवढं विचारा. आणि तो विकला गेला, की नुसता भाव सांगितला गेला, हेही विचारा.

## सातबारा वाचायचा कसा?

"सातबारा क्लिअर आहे" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. पहिली गोष्ट: सातबारा हा महसुली दप्तराचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. तो फक्त सुरुवात आहे. विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो चालणार नाही. digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा ताजा उतारा स्वतः काढा, पंधरा रुपयांचं काम आहे.

त्यावर तीन ठिकाणी नजर टाका.

एक, भोगवटादार वर्ग. वर्ग 1 असेल तर मालक सहसा मोकळेपणाने विकू शकतो. वर्ग 2 म्हणजे सरकारने दिलेली, वतनाची किंवा अशा कुठल्या अटीवरची जमीन. सक्षम अधिकाऱ्याची परवानगी नसताना झालेली विक्री अडचणीत येते. "परवानगी नंतर काढून देतो" याला उत्तर एकच: "मग पैसेही नंतरच देतो."

दोन, इतर अधिकाराचा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, दाव्याची नोंद, पुनर्वसनाचा शेरा, हे सगळं इथं असतं. कर्ज फेडलेलं असेल तर बोजा कमी केल्याचा फेरफारही झालेला हवा. नुसती बँकेची पावती पुरत नाही.

तीन, फेरफार क्रमांक. नावाजवळ आणि खाली जे आकडे असतात ते प्रत्येकी एक गोष्ट सांगतात. प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा आणि मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी आली याची साखळी लावा. वकील साधारण तीस वर्षं मागं जातात. खरेदीने आली असेल तर खरेदीखत, वारसाने आली असेल तर वारस नोंद.

वारस नोंद दिसली की थांबायचं. खेड्यातल्या जमिनीत सर्वात जास्त भानगडी इथून निघतात. वडील वारले, तीन भावांची नावं लागली, दोन बहिणींची लागलीच नाहीत, आणि आता तिन्ही भाऊ मिळून विकतायत. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आणखी स्पष्टपणे शिक्कामोर्तब केलं. म्हणजे सातबाऱ्यावर बहिणीचं नाव नाही याचा अर्थ तिचा हक्क नाही असा होत नाही. गावात चौकशी करून घरात किती भावंडं आहेत हे माहीत करून घ्या. बहिणी खरेदीखतावर सह्या करतायत, किंवा त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे, दोन्हीपैकी एक हवंच. "ताईंचं काही म्हणणं नाही" हा कागद नाही.

यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयाचा सर्च. सातबाऱ्यावर न आलेले व्यवहार, म्हणजे आधी कुणाला करून दिलेलं साठेखत, गहाणखत, मुखत्यारपत्र, यातले नोंदणी झालेले दस्त इथं सापडतात. freesearchigrservice.igrmaharashtra.gov.in वर गाव आणि गट नंबर टाकून इंडेक्स टू तुम्हीही बघू शकता. पण अंतिम सर्च वकिलाकडूनच, आणि वकील तुमचा हवा. साइटवर विक्रेत्याने बसवलेल्या वकिलाचा रिपोर्ट हा विक्रेत्याचाच कागद समजा. शेवटी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नोंद न झालेला हक्कदार असेल तर त्याला बाहेर यायला ती संधी असते. त्यात थोडे दिवस जातात, जाऊ द्या.

नोटरीवर किंवा नुसत्या मुखत्यारपत्रावर प्लॉट "विकत" घेतल्याने मालकी येत नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलंय. नोंदणीकृत खरेदीखत होत नसेल, तर ते का होत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा तुकडेबंदी, वर्ग 2 किंवा वारस यातच असतं.

आणि प्लॉट पाडून विकणाऱ्याची एकूण जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि प्लॉटही आठपेक्षा जास्त असतील, तर सर्वसाधारणपणे महारेराची नोंदणी लागते. नंबर मागा आणि महारेराच्या साइटवर तपासा. तिथं त्याच प्रकल्पाचं मंजूर रेखांकन बघायला मिळतं. ब्रोशरमधला नकाशा आणि तो नकाशा शेजारी ठेवून बघा. गार्डनच्या जागेवर प्लॉट पाडलेले असतील तर तिथंच कळतं.

## रस्ता: कागदावर आहे का?

जागेवर वीस फुटी मुरमाचा रस्ता दिसतो, गाडी थेट प्लॉटपर्यंत जाते. पण तो रस्ता कुणाच्या मालकीचा? शेजारच्या शेतकऱ्याने तोंडी दिलेली वाट असेल, तर त्याचं आणि डेव्हलपरचं बिनसलं की दुसऱ्या दिवशी तिथं चर खणलेला दिसेल. पोहोच रस्ता मंजूर नकाशात हवा, आणि तुमच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना कुठल्या बाजूला किती फुटांचा रस्ता हे आलं पाहिजे. बांधकाम परवानगी देणारा आणि कर्ज देणारी बँक, दोघंही पहिल्यांदा रस्ताच विचारतात.

## विकायला निघाल्यावर

समजा कागद चांगले आहेत. तरी विक्री अवघड का जाते?

कारण तुमचा सर्वात मोठा स्पर्धक तोच डेव्हलपर असतो. त्याच्याकडे त्याच ले-आऊटमधले वीस प्लॉट अजून शिल्लक आहेत. तो हप्ते देतो, जाहिरात करतो, एजंटला तुमच्या दुप्पट कमिशन देतो. एजंट गिऱ्हाईक घेऊन आला तर आधी कुणाचा प्लॉट दाखवेल? तुमचा नाही.

दुसरं कारण कर्ज. घर बांधायला घेणारा खरा गिऱ्हाईक बहुतेक वेळा कर्ज काढतो. बँका साधारणपणे मंजूर एनए प्लॉटवर कर्ज देतात. सामाईक सातबाऱ्यावर आणि प्रमाणपत्र नसलेल्या गुंठेवारीवर हात वर करतात. म्हणजे तुमच्याकडे फक्त रोख पैसेवाला येणार. तो तुमची अडचण ओळखून भाव पाडणार, आणि वर "अर्धे रोख घ्या" म्हणणार. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा बसू शकतो.

सामाईक सातबाऱ्यात तर आणखी पेच. तुमचा हिस्सा वेगळा मोजून मागितला की सगळ्या सहधारकांना नोटिसा जातात. आठातला एक मुंबईला, एक वारलेला आणि त्याचे वारस लागलेले नाहीत, एकाचा शेजाऱ्याशी रेषेवरून वाद. नवा खरेदीदार हे बघून निघून जातो.

म्हणून इसार देण्याआधी दोन गोष्टी करा. दोन्ही फुकट आहेत.

पहिली, विकणारा बनून फोन करा. त्या भागातल्या दोन वेगळ्या एजंटांना सांगा, "माझा अमुक ले-आऊटमध्ये दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे, विकायचाय. किती मिळतील, किती दिवस लागतील?" घेणाऱ्याला साडेपाच लाख सांगणारा बाजार विकणाऱ्याला किती सांगतो, ते तिथंच कळतं. "सध्या तिकडं गिऱ्हाईक नाही भाऊ" असं उत्तर आलं तर तेही उत्तरच आहे.

दुसरी, इंडेक्स टूमध्ये विकणाऱ्याचं नाव बघा. त्या गट नंबरचे गेल्या तीन-चार वर्षांचे दस्त काढा. सगळीकडे विकणारा डेव्हलपर किंवा मूळ मालकच असेल, तर तिथं अजून कुणी दुसऱ्यांदा विकलेलंच नाही. तुम्ही सांगितला जाणारा भाव बघताय, मिळणारा नाही. प्लॉटधारकांनी पुढं विकल्याचे दस्त असतील तर ते कितीला विकले, हाच खरा भाव धरा.

## पैसे कोणत्या क्रमाने सोडायचे?

1. उतारे, फेरफार, झोन दाखला आणि रेकनर स्वतः काढा. तोपर्यंत एक रुपयाही नाही.
2. छोटा इसार चेकने किंवा ऑनलाइन द्या. पावतीवर लिहून घ्या: वकिलाच्या तपासणीत दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत.
3. वकिलाचा सर्च आणि जाहीर नोटीस पूर्ण होऊ द्या.
4. सरकारी मोजणी करून क-प्रत नकाशा घ्या. जागेवरचे दगड आणि नकाशा जुळतात का ते उभं राहून बघा.
5. बाकी रक्कम खरेदीखताच्या दिवशी, बँकेमार्फत.
6. थोडी रक्कम फेरफार मंजूर होईपर्यंत राखून ठेवायची अट घालून बघा. खरेदीनंतर तलाठी संबंधितांना नोटीस काढतो आणि पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. खरेदीखत झालं म्हणजे संपलं असं समजून बरेच जण हा उतारा बघायलाच जात नाहीत.

राहता राहिला दुकानाचा हिशोब. दिवाळीआधी माल भरायला तीन लाख लागले तर प्लॉटमधला एक फूटही तुम्हाला महिनाभरात मोकळा करता येत नाही. त्यामुळे वर्षभराचा माल, उधारी आणि भाडं भागेल एवढी रक्कम बाजूला काढा, मगच उरलेल्यातून प्लॉटचा विचार करा. ती काढल्यावर पैसे फक्त सामाईक सातबाऱ्यातल्या स्वस्त तुकड्यालाच पुरत असतील, तर थांबा. दोन वर्षांनी वेगळा सातबारा असलेला एकच गुंठा घेतलेला परवडेल.

तुम्ही एखादा प्लॉट बघत असाल तर त्याचा प्रकार या तिघांपैकी कोणता आणि निव्वळ फुटाला भाव किती पडतो, एवढं आज कागदावर मांडा. मांडताना अडलं तर कमेंटमध्ये विचारा. फक्त गट नंबर आणि कुणाचं नाव तिथं टाकू नका.